‘हम’ आणि ‘आम्ही’ : औद्योगिक पट्ट्यातील बहुभाषिक संवादलेखनाची पूर्वपीठिका

१

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील माणसे कथा-कादंबरीत बोलू लागली की, लेखकापुढे एक अडचण उभी राहते. ही माणसे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांच्या सरमिसळीतून बोलतात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु कोणते पात्र, कोणाशी, कोणत्या क्षणी, कोणती भाषा वापरील याचा निर्णय लेखक बहुधा कानावर सोपवतो आणि कान त्याला दर पानावर निराळे उत्तर देतो. परिणामी पहिल्या प्रकरणात अस्खलित मराठी बोलणारा फोरमन तिसऱ्या प्रकरणात विनाकारण हिंदी बोलतो, आणि परप्रांतीय कामगाराच्या तोंडी कोणीही कधी न बोललेली मोडकी भाषा येते. हा दोष वरवर शैलीचा वाटतो. प्रत्यक्षात तो संहितेच्या अर्थरचनेचा आहे. तो नीट समजून घ्यायचा तर बहुभाषिक संवादाची भारतीय परंपरा आणि या पट्ट्याचा भाषिक इतिहास अशा दोन्ही अंगांनी त्याकडे पाहावे लागते.

२

एकाच संहितेत अनेक भाषा योजण्याचा प्रश्न आधुनिक नाही. संस्कृत नाट्यपरंपरेने त्याचे सर्वांत व्यवस्थित उत्तर दिले होते. नाट्यशास्त्रातील भाषाविधानानुसार भाषा पात्राच्या दर्जाला बांधलेली असे. राजा व विद्वान ब्राह्मण संस्कृतात बोलत, स्त्रिया बहुधा शौरसेनीत, आणि पद्यासाठी महाराष्ट्रीची योजना होई. ‘शाकुंतला’तील कोळी मागधीत बोलतो, तर ‘मृच्छकटिका’तील शकार ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारत मागधीच्याच एका रूपात बडबडतो. येथे सुसंगती पूर्ण असली तरी तिचा आधार बोलणाऱ्याची पायरी हा आहे. समोरचा श्रोता बदलला म्हणून भाषा बदलत नाही. तरीही याच व्यवस्थेत एक महत्त्वाची फट होती. वसंतसेनेसारखे प्राकृत बोलणारे पात्र काही प्रसंगी संस्कृताचा आश्रय घेते आणि संहितेत तशी स्पष्ट सूचना येते. नियम पक्का असल्यामुळेच त्याचा भंग अर्थपूर्ण ठरतो. संवादातील भाषांतराविषयी, म्हणजे एका भाषेतून दुसरीत जाण्याविषयी, पुढे जे काही सांगता येईल त्याचे बीज या एका सूचनेत आहे.

मराठीत दुसरे उत्तर एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडात मिळते. सोळाव्या शतकातील या रचनेत तुर्क दखनी वळणाच्या हिंदुस्थानीत बोलतो आणि हिंदू मराठीत. दोघे भांडतात, एकमेकांना टोमणे मारतात आणि अखेरीस समजुतीला येतात. पण दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची भाषा उचलत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचे बोलणे कळते, आणि उत्तर मात्र तो स्वतःच्या भाषेत देतो. याला समांतर भाषण म्हणता येईल. येथे भाषा पायरीला बांधलेली नसून बाजूला बांधलेली आहे, आणि दोन्ही भाषांचा मान सारखा राखलेला आहे. तंजावरच्या शहाजी राजांच्या, म्हणजे १६८४ ते १७१२ या राजवटीतील, ‘पंचभाषाविलास’ नाटकात पाच भाषा योजल्या आहेत, त्यांमागेही अशीच दरबारी समभाषिकता दिसते.

एकोणिसाव्या शतकातील प्रहसनांपासून या परंपरेला निराळे वळण लागले. मारवाडी सावकार, गुजराती शेठजी, इंग्रजी शब्द पेरणारा नवशिक्षित अशी ठरावीक पात्रे आली, आणि भाषामिश्रण हे हशा पिकवण्याचे साधन झाले. या हास्यामागे एक गृहीतक दडलेले होते : मराठी माणूस जे बोलतो ते शुद्ध, आणि चुकतो तो परका. मराठी माणसाचे हिंदी किती मराठी असते, याकडे या लेखनाचे लक्ष गेले नाही. मुंबईच्या कामगारवस्तीतून आणि नाक्यांवरून आलेल्या साहित्याने हे चित्र पालटले. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने १९६५ मध्ये नाक्यावरच्या पोरांची मिश्र बोली थेट निवेदनात आणली, नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने १९६६ मध्ये कामगाराच्या बोलण्याला कवितेत प्रतिष्ठा दिली. भाषामिश्रण आता परक्याचे व्यंग राहिले नाही, ते आतल्या माणसाचे सहज बोलणे ठरले. मात्र मुंबईच्या त्या बोलीत हिंदी ही गल्लीतल्या सर्वांची सामाईक भाषा होती. पिंपरी-चिंचवडची स्थिती वेगळी आहे, आणि मुंबईचा नमुना तेथे जसाच्या तसा उचलणे ही या पट्ट्याविषयी लिहिताना होणारी पहिली चूक होय.

३

या पट्ट्यात भाषा एकदम आल्या नाहीत, त्या थराथरांनी आल्या. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि बाजारपेठेत हिंदीचा वावर वाढला. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने निरनिराळ्या प्रांतांतील तंत्रज्ञ व त्यांची वसाहत आणली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. साठच्या दशकातच आकुर्डीस बजाज ऑटो आणि पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्को असे मोठे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये येथे नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. या दोन-तीन दशकांतील कायम कामगार बव्हंशी मराठी होता : मावळ, खेड, जुन्नर येथून वा सातारा, सोलापूर, मराठवाडा येथून आलेला. त्याची कारखान्यातील भाषा मराठी, आणि इंग्रजी तिच्यात शब्दरूपाने शिरलेली. हिंदी त्याला चित्रपटातून आणि बाजारातून माहीत होती. पाळीतल्या सोबत्याशी बोलण्यास तिची गरज नव्हती.

चाकणचा थर यानंतरचा. बजाजचा तेथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवागेनचा २००९ मध्ये. आर्थिक उदारीकरणानंतरच्या या कारखान्यांत कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी कामगारांचे महत्त्व वाढले, आणि त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेल्या तरुणांचा भरणा मोठा. आता हिंदी बाजारातून कारखान्याच्या आत आली. शिवाय व्यवस्थापनाच्या जपानी पद्धतींबरोबर ‘कायझेन’ आणि ‘पोका-योके’ यांसारखे शब्द इंग्रजीच्या वाटेने आले आणि मराठी व हिंदी अशा दोन्ही वाक्यांत बसले.

लेखकाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ असा की, पात्र कोणत्या थरातील आहे हे ठरले म्हणजे त्याच्या भाषांचा क्रमही ठरतो. १९७५ च्या सुमारास कामाला लागलेला फिटर ‘मशिनीवर’, ‘लाइनीत’ असे म्हणेल, कारण त्याच्या तोंडी इंग्रजी नामालाही मराठीचे सामान्यरूप होते. त्याचा शहरात वाढलेला मुलगा ‘मशीनवर’, ‘लाइनवर’ म्हणेल. त्याच्या बोलण्यात इंग्रजी शब्द न बदलता राहतो आणि प्रत्यय केवळ चिकटतो. शब्द तेच, पण एका प्रत्ययात एक पिढी दिसते. असे एक चिन्ह वीस इंग्रजी शब्द पेरण्यापेक्षा अधिक काम करते.

४

भाषा कोठे बदलते हेही यादृच्छिक नसते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा जो अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना शतकानुशतकांच्या शेजारामुळे जवळजवळ एकसारखी झालेली आढळली. शब्द मात्र तीन भाषांचे तीन निराळे राहिले. औद्योगिक पट्ट्यात याच्या उलट घडते. शब्द मुक्तपणे इकडून तिकडे जातात आणि वाक्याचा सांगाडा ज्याचा त्याचा राहतो. कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभाही हाच आहे : मिश्र वाक्यात एक भाषा आधारभाषा असते, तिचे प्रत्यय, सहायक क्रियापदे आणि शब्दक्रम टिकतात, आणि दुसरी भाषा मुख्यतः आशयाचे शब्द पुरवते.

मराठीपुरते याचे दोन परिणाम होतात. इंग्रजी वाक्याच्या पोटात शिरते. ‘जॉब चेक केला’, ‘ओटी मारली’, ‘पंच करायला विसरलो’ या वाक्यांत क्रियेचे ओझे मराठी क्रियापद वाहते. हिंदीचे तसे होत नाही. हिंदी आणि मराठी इतक्या जवळच्या भाषा आहेत की, कारखान्यातील सामान्य बोलण्यात बदल शक्यतो पूर्ण वाक्याच्या सीमेवर होतो, आणि बहुधा श्रोता बदलल्यामुळे होतो. एकाच वाक्यात हिंदी प्रश्नार्थक आणि मराठी क्रियापद असे कडबोळे आले, तर ते शिकाऊ माणसाचे बोलणे तरी असते किंवा लेखकाची चूक तरी.

देवनागरी लिपीमुळे या चुकीला आडोसा मिळतो. इंग्रजी आणि मराठी रोमन व नागरीत छापली तर डोळ्याला फरक दिसतो. हिंदी-मराठीच्या बाबतीत मात्र ‘है’ किंवा ‘आहे’ येईपर्यंत वाचकाला भाषा बदलल्याचे कळतच नाही. म्हणून बदलाची खूण वाक्याच्या आरंभी, संबोधनात किंवा सर्वनामात ठेवणे हिताचे ठरते. हीच सर्वनामे या पट्ट्यातील संवादाचे खरे मर्मस्थान आहेत.

मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आणि हिंदीत ‘तू’, ‘तुम’, ‘आप’ अशा तीन-तीन पायऱ्या दिसतात, पण त्या एकमेकींवर बसत नाहीत. मराठी माणूस ‘तुम्ही’चे हिंदी ‘तुम’ करतो आणि वडीलधाऱ्या हिंदी भाषकाला नकळत खाली उतरवतो. पूर्वेकडील हिंदीत ‘हम’ हे एका माणसाने स्वतःसाठी वापरण्याचे नेहमीचे सर्वनाम आहे, आणि त्याच प्रदेशात भूतकाळी ‘ने’ गळून ‘हम किए’ असे रूप होते. मराठी कानाला मात्र ‘हम’ म्हणजे ‘आम्ही’ आणि त्यातून अनेकजण असे ऐकू येते.

५

हे प्रत्यक्ष लेखनात कसे उतरते ते एका कल्पित प्रसंगावरून पाहता येईल. काळ २०१२ च्या सुमाराचा, स्थळ चाकणचा एक प्रेसशॉप, दुसरी पाळी. यंत्रासमोरचा प्रकाशपडदा, म्हणजे हात आत गेल्यास प्रेस थांबवणारी सुरक्षायोजना, बिघडली असून उत्पादन अडू नये म्हणून ती कोणीतरी वगळली आहे. पात्रे तीन : खेड तालुक्यातील पन्नाशीचा चार्जमन, बिहारमधील कंत्राटी ऑपरेटर, आणि नागपूरचा तरुण अभियंता. कच्च्या खर्ड्यातील संवाद बहुधा असा असतो :

चार्जमन : अरे भाई, मशीन क्यूं बंद आहे?
ऑपरेटर : साहेब, मैं ये मशीन नाही चलाएगा, लई डेंजर है.
अभियंता : ओके, आय विल चेक करतो.

या तीन ओळींत एकही भाषा धड नाही. चार्जमनच्या वाक्यात हिंदी प्रश्न आणि मराठी क्रियापद एकत्र बांधले आहे. ऑपरेटरच्या तोंडचे ‘लई’ आणि ‘चलाएगा’ ही चित्रपटातील मुंबईकराची उसनवारी आहे. बिहारी माणसाच्या बोलण्याशी तिचा संबंध नाही. अभियंत्याच्या वाक्यात इंग्रजी व मराठी अशी दोन सहायक रूपे एकाच क्रियेवर बसली आहेत. सर्वांत मोठे नुकसान असे की, तिघेही सारखेच बोलतात; नावे झाकली तर कोण बोलले ते ओळखता येत नाही.

दुरुस्तीचे काम संवादापासून सुरू होत नाही. प्रत्येक पात्रासाठी आधी चार गोष्टी ठरवाव्या लागतात : घरची भाषा कोणती, कामावरची कोणती, समोरच्या प्रत्येक पात्राशी कोणती, आणि कोणत्या प्रसंगी हा नियम मोडतो. चार्जमन मराठी बोलतो, ऑपरेटरशी मात्र मराठी वळणाचे हिंदी, आणि साहेबाशी पुन्हा मराठी. ऑपरेटर सर्वांशी हिंदीच बोलतो, त्याला मराठी कळते. अभियंता वरिष्ठांशी इंग्रजी मिसळून बोलतो, चार्जमनशी मराठी. तथापि तो नागपूरचा असल्याने हिंदी त्याला रस्त्यावरची म्हणून सहज येते, पण कामावर तो ती टाळतो. आता तोच प्रसंग असा उभा राहतो :

चार्जमन : क्या हुआ रे? तेरेको बंद करने को किसने बोला?
ऑपरेटर : कोई नहीं बोला, साहब. हम इस पर काम नहीं करेंगे. हाथ चला जाएगा.
चार्जमन : (अभियंत्याला) साहेब, ही पोरं काम करायला नाही म्हणतायत.
अभियंता : (फोनवर) सर, ऑपरेटर्स रिफ्यूज करताहेत. हो, सगळे.

ऑपरेटरने स्वतःपुरते बोललेले ‘हम’ चार्जमनच्या कानात ‘आम्ही’ झाले, त्याच्या मराठीत ‘ही पोरं’ झाले आणि फोनवर ‘सगळे’. एका माणसाची हाताविषयीची भीती तीन वाक्यांत सामूहिक कामबंदी ठरली. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत याचा अर्थ उद्या गेटपास न मिळणे असा होऊ शकतो. कोणीही खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने ऐकलेले आपापल्या भाषेत नेले आहे.

प्रसंगाची उकल अभियंता आपला नियम मोडतो तेथे होते.

अभियंता : हम मतलब कौन? तुम अकेले, या सब?
ऑपरेटर : हम अकेले, साहब. बाकी लोग से हम पूछे भी नहीं.

अभियंत्याने या पाळीत प्रथमच हिंदी काढली आहे. आधी त्याने तीन-चार वेळा हिंदी बोलून टाकली असती, तर या वाक्यात काहीच घडले नसते. वसंतसेनेने घेतलेल्या संस्कृताच्या आश्रयासारखाच हा बदल नियमाच्या पार्श्वभूमीवर अर्थ मिळवतो. तसेच ऑपरेटरने याआधीच्या एखाद्या प्रकरणात स्वतःला ‘मैं’ म्हटले असेल, तर गैरसमजाचा पायाच ढासळतो. वाचक म्हणेल, हा तर एकवचन जाणतो. भाषिक सुसंगती येथे कथानकाचा कणा झालेली आहे.

६

सुसंगती तपासण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, पात्रांची नावे झाकून संवाद वाचणे. दुसरा अधिक कष्टाचा पण अधिक खात्रीचा : एका पात्राने एकाच श्रोत्याला उद्देशून बोललेली सर्व वाक्ये संपूर्ण संहितेतून एकत्र काढून सलग वाचणे. नियमाबाहेरचे प्रत्येक वाक्य कारण मागते. राग, लाज, तिसऱ्या माणसाची उपस्थिती, जवळीक किंवा अधिकार दाखवण्याची गरज यांपैकी एखादे कारण सापडले तर ते वाक्य राहू द्यावे. कारण न सापडल्यास ते वाक्य लेखकाच्या कानाचे आहे, पात्राच्या तोंडचे नव्हे.

सुसंगती म्हणजे स्थिरता नव्हे. चार-पाच वर्षे राहिलेला ऑपरेटर मराठी बोलू लागेल, पण ती कशी मोडेल हेही त्याच्या पहिल्या भाषेवरून ठरते. नपुंसकलिंग हिंदीत नसल्याने तो ‘माझा काम झाला’ म्हणेल. मराठीचे सामान्यरूप उशिरा जमल्याने ‘घर मध्ये’ म्हणेल. असे दोन नियम निवडून ते सर्वत्र पाळले की माणूस उभा राहतो. प्रत्येक शब्दाचे लेखन वाकडे करून उच्चार दाखवण्याचा हव्यास धरला, की तो पुन्हा प्रहसनातील परका होतो. आणि न्याय दोन्हीकडे हवा. चार्जमनच्या हिंदीतील ‘तेरेको’ आणि ‘तुम’ हेही तितक्याच काटेकोरपणे लिहिले गेले पाहिजे, कारण त्या संवादात हिंदीच्या बाजूने पाहता चुकणारा तोच आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहे. पूर्वेकडील हिंदीचा ‘हम’ ज्या वाचकाला माहीत नाही, त्याला वरील प्रसंगातील कोडे अभियंत्याच्या प्रश्नापर्यंत उलगडणार नाही. तळटीप देऊन ते आधीच उलगडले तर गैरसमज वाचकाला अनुभवता येत नाही. काहीच आधार दिला नाही तर तो ध्यानातच येत नाही. म्हणून आधीच्या एखाद्या निरुपद्रवी प्रसंगात, घरी फोन करताना किंवा जेवणाच्या सुट्टीत, ऑपरेटरचा एकट्यापुरता ‘हम’ एकदा ऐकवून ठेवणे आवश्यक ठरते. एकनाथांच्या भारुडातील दोघांना एकमेकांची भाषा पुरेपूर कळत होती, म्हणून त्यांचे भांडण समजुतीवर संपू शकले. चाकणच्या प्रेसशॉपमधील तिघांना एकमेकांचे शब्द कळतात, सर्वनामे कळत नाहीत. आणि या पट्ट्यावरील मराठी कथनाला जे सांगायचे आहे त्यातील बराच भाग याच अंतरात घडतो.